चूक पकडली कोणी?

*ताई, नमस्कार. मी २७ वर्षांचा, डोंबिवलीला राहतो. बी.कॉम. आणि सीए इंटर झालंय. फायनलला चार वेळा बसलो, निघालं नाही. दोन वर्षं मस्जिद बंदरला एका ट्रेडिंग फर्मचे अकाउंट्स बघतोय. आता सीनिअर अकाउंट्स एक्झिक्युटिव्हच्या जागेसाठी मुलाखती देतोय. पहिल्या ठिकाणी ‘तुमचा वीक पॉइंट काय’ असं विचारलं. मी म्हणालो, ‘मी परफेक्शनिस्ट आहे.’ समोरचे दोघं एकमेकांकडे बघून हसले. दुसऱ्या ठिकाणी अपयशाबद्दल विचारलं तेव्हा ठरवून खरं बोललो. गेल्या वर्षी जीएसटी रिटर्नमध्ये माझ्या हातून मोठी चूक झाली होती, ती अथपासून इतिपर्यंत सांगितली. तिथूनही फोन आला नाही. पुढच्या आठवड्यात अंधेरी एमआयडीसीत एका कंपनीने बोलावलंय. खोटं बोलायचं नाही, पण खरं बोलून पायावर धोंडाही पाडून घ्यायचा नाही. काय सांगू?*
*– एक वाचक, डोंबिवली*

डोंबिवलीकरा,

तुझं मूळ पत्र चार पानी होतं, वर फक्त त्याचं सार छापलंय. मी तिसरं पान दोनदा वाचलं. चूक कशी झाली, शेठ काय म्हणाले, तुला किती लाज वाटली, आई काय म्हणाली, हे सगळं पानभर आहे. मग तू काय केलंस ते खाली साडेतीन ओळींत. दुसऱ्या मुलाखतीतही असंच झालं असणार. आठ-दहा मिनिटं बोलत होतो, असं तूच लिहिलंयस. फोन त्या चुकीमुळेच आला नाही हे मात्र धरून चालू नकोस. पगाराचा आकडा, नोटीस पिरिअड, साहेबांचा भाचा, कारण काहीही असू शकतं. आपल्याला ते कळत नाही आणि कोणी कळवतही नाही.

मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत अकाउंट्स विभागासाठी बावीस वर्षं माणसं निवडली. ‘परफेक्शनिस्ट’ ऐकलं की मी पेन खाली ठेवायचे. राग यायचा असं नाही, पण लिहिण्यासारखं काही उरायचं नाही. आमच्या कामात न चुकणारा माणूस मिळत नाही, आणि मिळाला असं वाटलं तर त्याच्या चुका अजून कोणाला सापडलेल्या नसतात. मला जाणून घ्यायचं असायचं ते एवढंच: याच्या हातून घोळ झाला तर तो मला याच्याकडून त्याच दिवशी कळेल, की सहा महिन्यांनी खात्याच्या नोटिशीतून? वीक पॉइंट काय, सगळ्यात मोठी चूक कुठली, दोन्ही प्रश्नांमागे हेच असतं.

आता तुझी हकिगत माझ्या भाषेत मांडते, कारण ती तुला वाटते त्यापेक्षा पुष्कळ चांगली आहे. एप्रिलच्या विक्रीचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, अकरा मेपर्यंत भरायचं होतं. भिवंडीच्या गोडाउनवर बिलं हाताने बनतात आणि ती तुझ्याकडे दहा तारखेला संध्याकाळी आली, गठ्ठ्याने. टॅलीत जवळपास सारख्या नावाच्या दोन पार्ट्या होत्या. रात्री घाईत एका पार्टीची तीन बिलं तू दुसरीच्या लेजरला टाकलीस. बिलांची रक्कम साडेचार लाख, त्यावर अठरा टक्क्यांनी कर ८१,००० रुपये. चौदा तारखेला गिऱ्हाइकाचं जीएसटीआर-२बी, म्हणजे त्याला खरेदीवर मिळणाऱ्या क्रेडिटचं पत्रक, तयार झालं, त्यात ही बिलं नव्हती. म्हणजे त्याला त्या कराचं क्रेडिट घेता येईना. सोळा तारखेला त्याच्या अकाउंटंटचा फोन आला की बिलं दिसेपर्यंत ८१,००० रोखून ठेवतोय.

तू त्या रात्री जुळवून पाहिलंस, दुसऱ्या दिवशी सकाळी शेठना सांगितलंस. बिल दुसऱ्याच्या जीएसटीआयएनवर, म्हणजे जीएसटी नोंदणी क्रमांकावर, गेलं तर दुरुस्ती पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्येच टाकता येते. म्हणून तू मे महिन्याचं रिटर्न अकरा जूनची वाट न बघता पाच जूनला भरलंस आणि भरल्याचा पुरावा गिऱ्हाइकाला पाठवलास. चौदा जूनला त्याच्या २बी मध्ये बिलं दिसली आणि वीस जूनच्या आत पैसे आले. नुकसान किती? ८१,००० रुपये महिनाभर अडकले आणि एका जुन्या गिऱ्हाइकापुढे शेठना ओशाळं व्हावं लागलं. पैसे बुडाले नाहीत, दंड झाला नाही. हे दोन्ही मुलाखतीत सांगायचं. चुकीचा आकार नेमका सांगितला नाही तर समोरचा तो मनातल्या मनात वाढवतो. ‘मोठी चूक’ एवढंच म्हणालास तर त्याच्या डोळ्यांपुढे लाखोंची नोटीस येते.

आता तुझ्या पत्रातली जी ओळ मला खटकली तिच्याकडे वळते. तू लिहितोस, ‘पुढच्या वेळी म्हणू का की रिकन्सिलिएशन करताना चूक माझ्याच लक्षात आली? तसं थोडं बरं दिसेल.’

नको. चूक गिऱ्हाइकाने पकडली, तसंच सांग. बाकी काय गाळायचं त्याची तुला मोकळीक आहे. लाज वाटली हे गाळ, आई काय म्हणाली ते गाळ, शेठ किती वेळ ओरडले तेही गाळ. गिऱ्हाइकाचं नाव तर गाळच, ते तुझ्या आताच्या मालकाच्या धंद्याचं गुपित आहे. दुसऱ्या मुलाखतीत तू नाव घेतलंस हे वाचून मी कपाळाला हात लावला. उद्या हा आमचीही नावं बाहेर घेईल, असं तिथे कोणाच्या तरी मनात नक्की आलं असेल. एवढं सगळं गाळलंस तरी तू खोटा ठरत नाहीस. पण कोणी केलं, कोणाला सापडलं आणि केव्हा सांगितलं, या तीन गोष्टींना हात लावायचा नाही. तुझ्या शेठना एक फोन गेला की याच तीन गोष्टी पहिल्यांदा बाहेर येतात. शिवाय अनुभवी माणूस फोन न करताही ओळखतो. ‘माझ्याच लक्षात आलं’ म्हणालास की मी विचारेन, ‘कशावरून? तेव्हा काय जुळवत होतास?’ तिथे तू अडखळशील, आणि तोवरचं खरंही संशयात जाईल.

गिऱ्हाइकाने पकडली हे मान्य केल्यावर पुढचं वाक्य आपोआप येतं: ‘ती आधी माझ्या लक्षात यायला हवी होती, म्हणून नंतर मी असं सुरू केलं.’ ते ‘असं’ काय, हे तुझ्या साडेतीन ओळींत आहे. गोडाउनवाल्याने बिलांचे फोटो दर शनिवारी व्हॉट्सॲपवर पाठवायचे आणि महिन्याचं शेवटचं बिल पाच तारखेच्या आत. भरण्याआधी बिलावरचा जीएसटीआयएन तू मोठ्याने वाचायचा आणि डिस्पॅचच्या मुलाने स्क्रीनवर बघायचा. तेरा महिने झाले, एकही बिल चुकीच्या नावावर गेलेलं नाही. अरे, हेच तर सांगायचं! ही पद्धत तू बसवलीस, शेठनी नाही.

मी तुझ्या जागी असते तर साधारण असं बोलले असते:

“गेल्या वर्षी जीएसटीआर-१ भरताना माझ्याकडून तीन बिलं सारख्या नावाच्या दुसऱ्या पार्टीवर पडली. कर होता ८१,००० रुपये. माझ्या लक्षात आलं नाही, गिऱ्हाइकाच्या २बी मध्ये बिलं दिसली नाहीत तेव्हा त्यांचा फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालकांना सांगितलं, गिऱ्हाइकाला दुरुस्ती कधी दिसेल ती तारीख दिली आणि पुढचं रिटर्न लवकर भरून दुरुस्ती टाकली. त्यांचं पेमेंट महिनाभर अडकलं, पण पूर्ण आलं. मुळात बिलं माझ्याकडे शेवटच्या दिवशी यायची आणि मी ती मुकाट्याने घ्यायचो. आता ती पाच तारखेच्या आत येतात, आणि जीएसटीआयएन दोघं मिळून तपासतो. तेरा महिन्यांत पुन्हा तसं झालेलं नाही.”

घड्याळ लावून वाच, मिनिटभराच्या आत संपतं. मग गप्प बस. ती शांतता भरून काढायला माणूस पुढे बोलत राहतो, आणि आठ-दहा मिनिटं तिथेच होतात. त्यांना हवं असेल तर ते विचारतील. काय विचारतील तेही तयार ठेव. मी तरी विचारलं असतं, ‘ज्याच्या नावावर ही बिलं चुकून गेली, त्याला कळवलंस का?’ कारण त्याच्या २बी मध्ये न घेतलेल्या मालाची तीन बिलं आली होती. त्याने बेसावधपणे त्याचं क्रेडिट घेतलं असतं तर पुढे व्याजासकट परत करायची वेळ त्याच्यावर आली असती. याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. कळवलं असशील तर ते उत्तरात घाल, त्याने तुझी जाण दिसेल. नसेल कळवलं तर, ‘नाही, तेव्हा सुचलं नाही, आज असतो तर पहिला फोन त्यांना केला असता,’ असं सांग. आणि मुलाखतीआधी तो फोन खरोखर कर, उशिरा का होईना.

वरच्या उत्तरातलं ‘मुकाट्याने घ्यायचो’ हे वाक्य पुन्हा वाच. तुझा वीक पॉइंट तिथे आहे. तुझी चूक नजरचुकीची नव्हती. नजर कोणाचीही चुकते, रात्री दहाला जास्तच. दहा तारखेला गठ्ठा घेऊन आलेल्या माणसाला ‘उद्याची मुदत आहे, हे आता सुरक्षितपणे होणार नाही’ असं तू म्हणाला नाहीस, आणि शेठनाही कळवलं नाहीस, घोळ तिथे झाला. तेव्हा ‘वीक पॉइंट काय’ विचारलं की हेच सांग: ‘काम उशिरा आलं तरी मी बोलत नसे, अंगावर घेऊन बसायचो. त्याचा एकदा फटका बसला. आता तारीख ठरवून घेतो. पण वयाने मोठ्या माणसाकडे तगादा लावताना अजून थोडं जड जातं, म्हणून मी ते लेखी मागतो, मेसेज टाकून.’ ‘अजून जड जातं’ हे वाक्य ठेव, ते खरं असेल तर. पूर्ण बरी झालेली कमजोरी सांगणं म्हणजे दुसऱ्या शब्दांत परफेक्शनिस्टच.

दोन प्रश्नांची मुळं अशी एकाच जागी गेली की पाठांतराची गरज राहत नाही. ‘बारीकसारीक गोष्टींकडे माझं लक्ष नसतं’ असं मात्र म्हणू नकोस. एकतर ते खरं नाही, तेरा महिने साक्षीला आहेत. आणि हिशेबाच्या कामाला ते म्हणजे ड्रायव्हरने दिसत नाही म्हणण्यासारखं आहे. समजा ते खरंच असतं, अजूनही दर महिन्याला बिलं चुकत असती, तर मी तुला उत्तर शिकवलं नसतं. आधी ते निस्तर आणि मगच सीनिअरच्या जागेला अर्ज कर, असं म्हटलं असतं.

हे सगळं केव्हा सांगतोस यालाही महत्त्व आहे. १९६६ मध्ये एलियट ॲरन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना प्रश्नमंजूषेच्या ध्वनिफिती ऐकवल्या होत्या. एका फितीतल्या उमेदवाराची ९२ टक्के उत्तरं बरोबर, दुसऱ्याची ३० टक्के. काही फितींत शेवटी उमेदवाराच्या हातून कोटावर कॉफी सांडते. हुशार उमेदवार कॉफी सांडल्यावर ऐकणाऱ्यांना जास्त आवडला, सुमार उमेदवार मात्र आणखी नावडता झाला. ती काही नोकरीची मुलाखत नव्हती आणि कॉफी म्हणजे रिटर्न नव्हे, त्यामुळे यावरून फार उड्या मारू नकोस. पण माझा अनुभव त्याला धरून आहे. दुसऱ्या मुलाखतीत तू कोण, किती काम सांभाळतोस हे सांगायच्या आधीच तू चुकीत शिरलास. अंधेरीला ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हणतील तेव्हा कामाचं वजन आधी टेबलावर ठेव: आर्टिकलशिपमध्ये कुठली ऑडिट्स केलीस, महिन्याला किती बिलं हाताळतोस, जीएसटी आणि टीडीएस कोण भरतं, बँकेचं स्टेटमेंट किती तारखेला जुळवून तयार असतं. एवढं ऐकलेल्या माणसाला तुझ्या तीन बिलांचं प्रमाण कळतं.

सीएचं काय, तेही बोलू. तुझ्या बायोडेटावर ‘सीए फायनल – पर्स्युइंग’ असं आहे, आणि पत्रात म्हणतोस की गेल्या दीड वर्षात पुस्तक उघडलेलं नाही, पुढचा फॉर्मही भरायचं ठरलेलं नाही. मग ते खोडून टाक. ‘सीए इंटर, आर्टिकलशिप पूर्ण’ लिही. अकाउंट्सच्या बाजारात त्याला स्वतःची किंमत आहे, आणि ते खरं आहे. चार वेळा का निघालं नाही असं विचारलंच तर तू पत्रात जे लिहिलंयस तेच पुरेसं आहे: प्रत्येक पेपरला ४० मिळाले, पण ग्रुपला लागणारे एकूण ५० टक्के जमले नाहीत, दोनदा तसं झालं. ‘थोडक्यात राहिलं’ म्हणू नकोस. पेपर कठीण काढला, तपासणी कडक होती, हेही नको. समोर बसलेला बहुतेक सीए असेल, तोही त्याच तपासणीतून गेलाय.

त्या माणसाला तुझ्या मार्कांची खरी काळजी नसते, रजेची असते. फायनल २०२५ पासून वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे आणि सप्टेंबर. टॅक्स ऑडिटची नेहमीची मुदत ३० सप्टेंबर. ऐन त्या महिन्यात सीनिअर माणूस परीक्षेच्या रजेवर गेला तर डिपार्टमेंट कोण सांभाळणार, हे गणित त्याच्या डोक्यात चालू असतं आणि तो ते तुला बोलून दाखवत नाही. म्हणून मुलाखतीच्या आधी घरी बसून ठरव, परीक्षा सोडली की द्यायची. सोडली असेल तर ‘सोडली आहे’ एवढंच म्हण, गळा न काढता. द्यायची असेल तर, ‘एक ग्रुप जानेवारीत देईन, सप्टेंबरला बसणार नाही,’ असं सांग, आणि तेवढंच सांग जे तू पाळशील. ‘बघू’ म्हणालास तर तो सप्टेंबर धरून चालतो.

त्यात अभ्यासासाठी घेतलेले आठ महिने बायोडेटावर झाकायचा प्रयत्न केलायस, आधीच्या नोकरीची तारीख पुढे ढकलून. तेही सरळ कर. पीएफ कापला जात असेल तर यूएएनच्या सर्व्हिस हिस्टरीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते, आणि बऱ्याच कंपन्या रुजू करून घेण्याआधी ती मागतात. ‘आठ महिने परीक्षेसाठी घरी होतो’ यात लपवण्यासारखं काही नाही. ढकललेली तारीख सापडली तर मात्र हातात आलेलं ऑफर लेटर परत जातं, असं होताना मी पाहिलंय.

भाषेचं एक राहिलं. मी वर मराठीत उत्तर लिहिलं, पण अंधेरीला ते इंग्रजीत विचारतील, हिंदीत चिमटे काढतील. मी १९९४ मध्ये फोर्टला एका मुलाखतीत वीक पॉइंट म्हणून ‘इंग्लिश’ असं एका शब्दात सांगितलं होतं. खरंच होतं ते, मराठी शाळेतली मी. साहेबांनी विचारलं, मग त्यासाठी काय करतेस? मला काही सांगता आलं नाही, कारण मी काहीच करत नव्हते. ती नोकरी गेली. तेव्हा तुझं मिनिटभराचं उत्तर ज्या भाषेत द्यायचंय त्या भाषेत मोठ्याने म्हणून बघ, मनातल्या मनात नको. मनात इंग्रजी सगळ्यांचं चांगलं असतं. घाटकोपरला मेट्रोच्या रांगेत उभा असताना फोन कानाला लावून म्हण, कोणी वळून बघत नाही.

शेवटचं काम सगळ्यात अवघड आहे. तुझ्या शेठना तू नोकरी बघतोयस हे माहीत आहे असं पत्रात आहे, म्हणजे संदर्भासाठी त्यांचंच नाव जाणार. सोमवारी दुपारी, गिऱ्हाइकांची गर्दी ओसरली की त्यांच्यासमोर बस आणि सांग, ‘विचारलं तर मी त्या तीन बिलांबद्दल सांगणार आहे, गिऱ्हाइकाचं नाव न घेता. तुम्हाला फोन आला तर तुम्हीही सांगा.’ ते काय म्हणतात ते नीट ऐक. दुसऱ्याच दिवशी सकाळी आपणहून येऊन सांगणारा माणूस त्यांना लक्षात राहिला असेल, किंवा फक्त ते ८१,००० राहिले असतील. दुसरं निघालं तर संदर्भासाठी आर्टिकलशिपच्या सरांचं नाव दे, आणि अंधेरीत विचारलं तर शेठचं का दिलं नाहीस तेही सांग. काय झालं ते मला कळव.

– ताई